लॅपटॉपवर नवं पान, बाकी सगळीकडे जुनं: होस्ट्स फाइलमध्ये राहून गेलेल्या एका ओळीचं प्रकरण

हे प्रकरण एका प्रशिक्षण संस्थेच्या वेबसाइटचं आहे. माणसांची आणि संस्थेची ओळख काढून टाकलीय, डोमेनचं नाव आणि आयपी अ‍ॅड्रेसही बदललेत, बाकी घडलं तसं लिहितोय. यात तिघं जण होते, साइटवरचा मजकूर बघणाऱ्या संपादक मॅडम, साइट सांभाळणारा डेव्हलपर, आणि प्रकरण पार गुंतल्यावर ज्याला बोलावलं तो मी.

## पार्श्वभूमी

साइट वर्डप्रेसवर होती, साध्या शेअर्ड होस्टिंगवर. ती हळू चालायची म्हणून ती हलवायचं ठरलं. डेव्हलपरने एक छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा स्वतंत्र व्हर्च्युअल सर्व्हर घेतला, त्यावर साइटची पूर्ण कॉपी टाकली आणि मॅडमना म्हणाला, डीएनएस बदलायच्या आधी एकदा सगळी पानं नीट दिसतायत का तेवढं बघून घ्या. पण डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा, तर अजून जुन्या सर्व्हरकडेच बोट दाखवत होती, मग नवीन सर्व्हर त्याच नावाने उघडणार कसा? त्यासाठी त्याने मॅडमच्या लॅपटॉपवरच्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ टाकली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटरला एखाद्या साइटचं नाव दिलं की तो त्याचा आयपी शोधतो, पण डीएनएसला विचारायच्या आधी तो स्वतःकडची एक छोटी टेक्स्ट फाइल बघतो. तिथे ते नाव सापडलं तर विषय संपला, पुढे कुणाला विचारायचं कारणच नाही. विंडोजवर ही फाइल `C:\Windows\System32\drivers\etc\hosts` इथे असते आणि लिनक्स, मॅकवर `/etc/hosts`. डीएनएस 1983 मध्ये आलं, त्याआधी अख्खं नेटवर्कच अशा एका फाइलवर चालायचं, त्यामुळे ही सोय सगळ्या सिस्टिममध्ये आजही आहे आणि टेस्टिंगला ती खूप सोयीची पडते. वर्डप्रेसमध्ये तर जास्तच, कारण तो साइटचा पूर्ण पत्ता डेटाबेसमध्ये लिहून ठेवतो, दुसऱ्या तात्पुरत्या नावाने साइट उघडायला गेलं की लिंका तुटतात नाहीतर तो उचलून परत मूळ नावाकडे पाठवतो.

मॅडमनी पानं तपासली, सगळं ठीक होतं. पण तो व्हीपीएस कमी पडतोय असं डेव्हलपरच्या लक्षात आलं आणि त्याने साइट शेवटी तिसऱ्याच, जरा मोठ्या सर्व्हरवर नेली. शेवटची तपासणी त्याने स्वतःच्या मशीनवरून केली, डीएनएस तिसऱ्या सर्व्हरकडे वळवलं, साइट लाइव्ह झाली, सगळे खूश. मधला व्हीपीएस मात्र चालूच राहिला, कारण त्याचे पैसे आधीच भरले होते आणि "असू दे, बॅकअप म्हणून बरा" असं ठरलं. आणि मॅडमच्या लॅपटॉपवरची ती ओळही तिथेच राहिली.

## अडचण

मॅडमचं साइटवरचं काम वर्षातून एकदाच असतं, नवीन बॅचच्या आधी कोर्सची पानं सुधारायची, एरवी छोट्यामोठ्या नोटिसा ऑफिसमधले एक सहकारी टाकतात. त्यामुळे साइट हलल्यावर जवळपास अडीच महिने मॅडमनी तिच्यात लॉगिनच केलं नव्हतं. मग सीझन आला आणि त्या लॅपटॉप घेऊन आठवडाभर काम करत बसल्या, जुनी पानं सुधारली, काही नवीन पोस्ट टाकल्या, फोटो चढवले.

हे सगळं मधल्या व्हीपीएसवर जात होतं. तिथे साइटची पूर्ण चालती कॉपी होती, तोच पासवर्ड, तीच थीम, वर तेच नाव, कुठेही शंका यायला जागाच नव्हती. सेव्ह केलं की लगेच दिसायचं. एक खूण होती खरंतर, सहकाऱ्यांनी मधल्या काळात टाकलेल्या चारपाच नोटिसा तिथे दिसत नव्हत्या, पण मॅडमना वाटलं तारीख उलटली म्हणून काढून टाकल्या असतील. वाटणं साहजिकच होतं, नोटिसा काढतातच.

मग ऑफिसमधून फोन, की पानं अजून जुनीच दिसतायत. मॅडमनी लॅपटॉपवर बघितलं, नवीन. मोबाइलवर बघितलं, जुनं.

इथे माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात फसवी गोष्ट आहे. बिघाड होता एकाच मशीनमध्ये, पण तेच मशीन सगळ्यात बरोबर दिसत होतं. ज्याच्याकडे ताजा मजकूर दिसतोय तो म्हणणारच की माझं ठीक आहे, बाकीच्यांचं कॅशे अडकलंय, आणि बाकीच्यांनाही ते पटतं, कारण जुनं पान दिसणं आणि कॅशे ही जोडी सगळ्यांच्या डोक्यात इतकी पक्की बसलेली असते की तिसरं काही सुचतच नाही.

## आधी काय काय करून बघितलं

सगळ्यांनी आपापल्या ब्राउझरचं कॅशे साफ केलं. काही फरक नाही, पडणारही नव्हता, कारण त्यांना जे दिसत होतं तेच लाइव्ह सर्व्हरवर खरोखर होतं. मॅडमनी अ‍ॅडमिन पॅनेलमधलं कॅशे साफ करायचं बटण दाबलं, पण ते मधल्या व्हीपीएसचं पॅनेल होतं त्यामुळे साफ झालं ते मधल्या व्हीपीएसचं कॅशे. डेव्हलपरने स्वतंत्रपणे लाइव्ह सर्व्हरचं कॅशे साफ केलं आणि पान उघडलं तर जुनंच, मग त्याने कॅशेचा प्लगइनच बंद केला, तरी जुनंच.

पहिला निर्णयाचा क्षण हा होता. प्लगइन बंद करूनही पान जुनं दिसतंय म्हटल्यावर कॅशेचा मुद्दा तिथेच सोडायला हवा होता. त्याऐवजी होस्टिंगवाल्यांच्या बाजूला अजून एक कॅशे असेल असा तर्क निघाला, त्यांना तिकीट टाकलं आणि उत्तराची वाट बघण्यात दोन दिवस गेले. तेवढ्यात लाइव्हच्या अ‍ॅडमिनमध्ये जाऊन पोस्टची यादी नुसती उघडली असती तर मॅडमच्या नवीन पोस्ट यादीतच नाहीत हे दिसलं असतं. कॅशे बाहेरचं पान जुनं दाखवेल, पण अ‍ॅडमिनमधल्या यादीतून पोस्ट गायब करणार नाही, ती यादी थेट डेटाबेसमधून येते. म्हणजे "दिसत का नाही" याच्याआधी "सेव्ह कुठे झालंय" हा प्रश्न विचारायला हवा होता.

तिकिटाचं उत्तर यायच्या आधीच मॅडमच्या लॅपटॉपवर दुसरंच काहीतरी सुरू झालं. साइट उघडेना, लाल त्रिकोण आणि खाली `NET::ERR_CERT_DATE_INVALID`. पुढे जायची लिंकही नाही, कारण साइटवर एचएसटीएस चालू होतं आणि ते असलं की क्रोम सर्टिफिकेटच्या चुकीवर पुढे जाऊच देत नाही. बाकी कुणालाच ही एरर नव्हती.

मॅडमनी लॅपटॉपची तारीख तपासली, ती बरोबर होती. इनकॉग्निटोमध्ये उघडलं, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं, राउटर बंद करून चालू केला, मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघितला, सगळीकडे तीच एरर. हॉटस्पॉटची टेस्ट खरं म्हणजे फार कामाची होती, नेटवर्क बदलूनही एरर तीच म्हणजे दोष नेटवर्कचा नाही, मशीनमध्येच आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून डीएनएस बदलून 8.8.8.8 केलं, पण होस्ट्स फाइल डीएनएसच्या आधी बघितली जाते म्हटल्यावर मागे कुठलाही डीएनएस सर्व्हर लावा, त्याला कुणी विचारणारच नाही.

## डेव्हलपरचं nslookup आणि माझं ping

डेव्हलपरला आयपीची शंका आली होती, हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. त्याने मॅडमना हे चालवायला सांगितलं:

```
nslookup www.example.com
```

उत्तर आलं 198.51.100.40, म्हणजे बरोबर, लाइव्ह सर्व्हरचं. त्यावरून त्याने डीएनएस ठीक आहे असा निष्कर्ष काढला आणि आयपीचा मुद्दा बाजूला ठेवला. निष्कर्षही बरोबर होता, डीएनएस ठीकच होतं! पण `nslookup` होस्ट्स फाइल बघतच नाही, तो थेट डीएनएस सर्व्हरलाच विचारतो. ब्राउझर मात्र सिस्टिमला विचारतो आणि सिस्टिम आधी फाइल बघते. म्हणजे डीएनएस काय सांगतंय ते कळलं, पण हे मशीन काय करतंय ते कळलंच नाही. लिनक्सवर `dig` पण असंच फसवतं, तिथे `getent hosts` वापरायचं, ते फाइलसकट उत्तर देतं.

मला स्क्रीन शेअर केली तेव्हा मी तिथेच खाली `ping` करायला लावलं, कारण `ping` सिस्टिमच्याच रस्त्याने जातो:

```
ping www.example.com
Pinging www.example.com [203.0.113.25] with 32 bytes of data:
```

पिंगला उत्तर येतं की नाही याच्याशी काही घेणंदेणं नाही, बरेच सर्व्हर पिंग अडवतातच, चौकटी कंसातला आयपी तेवढा बघायचा. `nslookup` एक आयपी सांगतो आणि `ping` दुसरा, हे दिसलं की दहातल्या नऊ वेळा होस्ट्स फाइल, आणि इथे तर डेव्हलपर आयपी बघूनच म्हणाला "अरे, हा तर आपला जुना व्हीपीएस." मोठ्या साइटच्या बाबतीत जरा सांभाळून, त्यांच्या एका नावाला अनेक आयपी असतात त्यामुळे दोन वेगळे दिसले तरी दोन्ही खरे असू शकतात. ही साइट एकाच सर्व्हरवर होती म्हणून लगेच कळलं.

फाइल उघडली तर हे होतं:

```
# testing - nantar kadhne
203.0.113.25    example.com www.example.com
192.168.1.50    forms.example.com
```

नंतर काढणे. असो. दुसरी ओळ बघून मॅडम म्हणाल्या की फॉर्मची साइट माझ्या लॅपटॉपवर कधीपासून उघडतच नाही, मी ती मोबाइलवरच बघते. ती ओळ त्याहूनही आधीच्या कुठल्यातरी टेस्टिंगची होती, ऑफिसच्या आतल्या एका मशीनकडे जाणारी, आणि ते मशीन आता नव्हतंच. माणूस अशा बारीक त्रासाची सवय करून घेतो आणि तक्रार करत नाही, नाहीतर ही फाइल तेव्हाच उघडली गेली असती.

सर्टिफिकेटचं कोडंही इथेच सुटलं. व्हीपीएसवर टेस्टिंगच्या वेळी जुन्या सर्व्हरवरचं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट कॉपी करून टाकलं होतं, ते 90 दिवस चालतं. तिथे ते रिन्यू होणं शक्यच नव्हतं, कारण त्यांचं रिन्यू ज्या पद्धतीने चालायचं त्यात तपासणी डीएनएसप्रमाणे होते आणि डीएनएस दुसऱ्याच सर्व्हरकडे होतं. 90 दिवस भरले आणि एरर आली. ती आली म्हणून तर प्रकरण बाहेर पडलं, नाहीतर मॅडम अजून किती दिवस तिथेच काम करत राहिल्या असत्या कोण जाणे.

## ओळ लगेच काढायची का

डेव्हलपरचं म्हणणं होतं की ओळ उडवा, झालं. मी थांबवलं, कारण आठवडाभराचं काम त्या व्हीपीएसवर होतं आणि त्याचं भाडं संपत आलं होतं. आणि दुसरं म्हणजे ओळ काढली की मॅडमच्या स्क्रीनवरून त्यांचं सगळं काम एका क्षणात गायब होणार, त्यांच्या बाजूने बघितलं तर दुरुस्ती म्हणजेच नुकसान! म्हणून आधी त्यांना नीट समजावून सांगितलं की तुमचं काम सुरक्षित आहे, फक्त दुसऱ्या सर्व्हरवर आहे, आणि ओळ काढल्यावर लॉगिनही परत मागेल. वर्डप्रेस लॉगिनची नोंद त्या त्या सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये ठेवतो, ब्राउझरमधली कुकी नावाप्रमाणे लाइव्ह सर्व्हरला जाईल पण तिथे तिची नोंदच नसेल.

मग डेव्हलपरने एसएसएचवरून व्हीपीएसच्या डेटाबेसचा डंप आणि अपलोड्सचा फोल्डर उतरवून घेतला, आणि त्यानंतरच आम्ही फाइलला हात लावला.

फाइलचं काय करायचं यावरही दोन मतं होती. ती रिकामी करून विंडोजच्या मूळ फाइलसारखी करायची, की फक्त या ओळी काढायच्या? विंडोजच्या मूळ फाइलमध्ये नुसत्या कमेंट असतात, तेव्हा रिकामी केली तरी विंडोजचं काही बिघडत नाही, पण काही प्रोग्राम, उदाहरणार्थ डॉकर, स्वतःच्या ओळी तिथे टाकतात आणि त्या उडाल्या तर ते अडतात. म्हणून आधी फाइलची कॉपी डेस्कटॉपवर ठेवली, दोन्ही ओळींपुढे `#` लावला, तपासलं, आणि नंतर त्या पुसल्या. नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावं लागतं नाहीतर सेव्ह होत नाही, आणि सेव्ह करताना नावामागे `.txt` चिकटलं नाही ना ते बघावं लागतं, नाहीतर `hosts.txt` नावाची नवीनच फाइल तयार होते आणि जुनी तशीच राहते. मग हे चालवलं:

```
ipconfig /flushdns
```

आणि क्रोम पूर्ण बंद करून उघडला, कारण ब्राउझरने आधीची कनेक्शन धरून ठेवलेली असू शकतात. साइट उघडली, एरर गेली, लॉगिन मागितलं, आणि पानं जुनी दिसली, म्हणजे आता सगळ्यांना एकच साइट दिसत होती.

## अडकलेलं काम परत आणणं

डेटाबेसमध्ये `wp_posts` टेबलात `post_modified` म्हणून रकाना असतो, त्यावरून साइट हलवल्याच्या तारखेनंतर व्हीपीएसवर काय काय बदललं त्याची यादी काढली. पाच नवीन पोस्ट आणि अकरा सुधारलेली पानं निघाली.

टेबल उचलून लाइव्हवर टाकणं हा सरळ वाटणारा उपाय होता पण तो बाद केला. दोन्ही साइट एकाच कॉपीपासून सुरू झाल्या होत्या त्यामुळे नवीन पोस्टचे नंबर दोन्हीकडे एकाच आकड्यापासून पुढे गेले होते, इकडे ज्या नंबरवर मॅडमची पोस्ट त्याच नंबरवर तिकडे सहकाऱ्यांची नोटीस. तसंच टाकलं असतं तर नोटिसा गेल्या असत्या.

वर्डप्रेसचं एक्सपोर्ट-इम्पोर्ट नवीन पोस्टसाठी चाललं, तो नंबर आधीच वापरलेला असेल तर नवीन देतो. पण सुधारलेल्या पानांना त्याचा उपयोग नाही, शीर्षक आणि तारीख तीच दिसली की इम्पोर्टर हे आधीच आहे म्हणून ते पान सोडून देतो. फोटोंचा आणखी घोळ, इम्पोर्टर फोटो मूळ पत्त्यावरून उतरवायला जातो, आणि मूळ पत्ता म्हणजे तीच साइट, म्हणजे लाइव्ह सर्व्हर स्वतःकडेच असे फोटो मागणार जे त्याच्याकडे नाहीतच. फोटो थोडेच होते, ते हाताने परत चढवले. अकरा पानंही हातानेच, एका बाजूला व्हीपीएसवरचा मजकूर आणि दुसऱ्या बाजूला लाइव्ह, असं करत. त्यातलं एक पान दोन्हीकडे बदललं होतं, सहकाऱ्यांनी लाइव्हवर बॅचची तारीख बदलली होती आणि मॅडमनी इकडे पूर्ण परिच्छेदच नवीन लिहिला होता, ते मॅडमना शेजारी बसवून जुळवलं. एकूण एका दुपारचं काम, काही हरवलं नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

ओळ काढायची राहिली हे उघड आहे, पण माझ्या मते त्याहून मोठी चूक व्हीपीएस चालू ठेवण्याची होती. साइट लाइव्ह झाली त्याच दिवशी त्यावरचा वेब सर्व्हर बंद केला असता तर मॅडमना पहिल्याच लॉगिनला साइट उघडत नाही असं दिसलं असतं आणि एक शब्दही चुकीच्या जागी गेला नसता. बॅकअप ठेवायचाय तर डेटा ठेवा, सर्व्हर लोकांना पानं देत बसायला नको. डेव्हलपरला हे पूर्ण पटलं नाही, त्याचं म्हणणं की काही बिघडलं तर दोन मिनिटांत परत फिरता यावं म्हणून चालू हवा. मग आठवडाभर चालू ठेव, पण त्यावर लॉगिन बंद कर, एवढ्यावर आमचं जमलं.

टेस्टिंगसाठी होस्ट्स फाइलला हात न लावताही चालतं. क्रोमला सुरू करतानाच सांगता येतं की हे नाव या आयपीवर ने, आणि वेगळा प्रोफाइल फोल्डर दिला की ते त्या खिडकीपुरतंच राहतं, खिडकी बंद केली की हा नियम मागे उरत नाही. विंडोजमध्ये Win+R दाबून येणाऱ्या Run चौकटीत हे टाकायचं:

```
chrome.exe --user-data-dir=C:\testprofile --host-resolver-rules="MAP www.example.com 203.0.113.25"
```

नुसतं सर्व्हर उत्तर देतोय का एवढंच बघायचं असेल तर `curl` ला `--resolve` देऊन भागतं. याला मर्यादा एवढीच की ब्राउझर सोडून दुसरं एखादं अ‍ॅप तपासायचं असेल तर होस्ट्स फाइलशिवाय सहसा पर्याय नसतो. तेव्हा ओळीपुढे तारीख आणि टाकणाऱ्याचं नाव लिहायचं, आणि ज्या ज्या मशीनवर ती टाकली त्यांची यादी साइट हलवायच्या कामाच्या यादीतच ठेवायची. इथे मॅडमच्या लॅपटॉपवर ओळ आहे हे डेव्हलपरच्या डोक्यात होतं, कागदावर कुठेच नव्हतं.

आणि पुन्हा कधी एकालाच नवीन आणि बाकीच्यांना जुनं दिसलं तर क्रोममध्ये F12 दाबून नेटवर्क उघडायचं, पान रिफ्रेश करून पहिल्या विनंतीवर क्लिक करायचं, तिथे Remote Address म्हणून आयपी दिसतो, तो दोन मशीनवरचा जुळवून बघायला मिनिटही लागत नाही. मध्ये प्रॉक्सी असेल तर मात्र तिथे प्रॉक्सीचाच आयपी दिसेल, आणि प्रॉक्सीतून जाताना नावाचा आयपी बहुतेक वेळा प्रॉक्सीच शोधतो, त्यामुळे होस्ट्स फाइलमध्ये चुकीची ओळ असलेलं मशीनही त्या नेटवर्कवर व्यवस्थित चालतं आणि घरी नेलं की बिघडतं.